सांबारातल्या फोडी अख्ख्या राहाव्यात म्हणून: आधी कुठली भाजी, चिंच कधी

गोव्यात फोंड्याला राहायला आल्यापासून आमच्या घरी रविवारी सकाळी इडली-सांबार ठरलेलं आहे. पहिली दोन वर्षं माझं सांबार चवीला बरं व्हायचं, पण ताटात वाढताना त्यात भाजी दिसायची नाही. भोपळा डाळीत विरघळलेला, वांग्याची नुसती सालं तरंगणारी, शेवग्याच्या शेंगा उभ्या फाटून बिया सगळीकडे. हे टाळायला गेले तर उलटंच झालं: मुळा आणि बटाटा पाऊण तास उकळूनही मधे कच्चे राहिले.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे हे मला शेजारच्या अक्कांमुळे कळलं. त्या मूळच्या उडुपीकडच्या. त्यांनी माझं पातेलं पाहून एवढंच विचारलं, "चिंच कधी घातलीस?" मी म्हटलं, "सुरुवातीलाच, भाजीबरोबर." "मग मुळा शिजणार कसा? चिंच पडली की भाजी होती तिथेच थांबते."

त्या एका वाक्यावर हा सगळा लेख उभा आहे. पहिल्यांदाच सांबार करणार असाल, किंवा करून फसला असाल, तर खालच्या क्रमाने एकदा करून पाहा. मापं सहा माणसांची आहेत.

१. चिंच भाजीला नेमकं काय करते

भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा जो चिकट पदार्थ असतो त्याला पेक्टिन म्हणतात. जॅम आळतो तो याच्याच जोरावर. भाजी साध्या पाण्यात उकळली की हे पेक्टिन हळूहळू सुटून पाण्यात उतरतं, पेशींची पकड ढिली होते आणि आपण म्हणतो भाजी शिजली. आणखी उकळली की पकड पूर्ण सुटते आणि फोड मोडते.

पाणी आंबट असलं की हे सुटणं फार मंदावतं. चिंचेत टार्टरिक आम्ल भरपूर असतं, त्यामुळे चिंचेच्या पाण्यात भाजी शिजायला कितीतरी जास्त वेळ घेते. कडक भाजीच्या बाबतीत हा तोटा आहे, नाजूक भाजीच्या बाबतीत फायदा. सांबाराचा क्रम म्हणजे या एकाच गुणाचा दोन बाजूंनी केलेला वापर: कडक भाज्या चिंचेच्या आधी, साध्या पाण्यात जवळजवळ शिजवून घ्यायच्या; नाजूक भाज्या चिंचेच्या जरा आधी किंवा चिंचेतच सोडायच्या, म्हणजे त्या मोडत नाहीत.

विश्वास बसत नसेल तर मी केला तो प्रयोग करा. एकाच बटाट्याच्या सारख्या आकाराच्या आठ फोडी करा. चार साध्या पाण्यात आणि चार दाट चिंचेच्या पाण्यात, दोन लहान टोपांत एकाच वेळी बारा मिनिटं उकळा. साध्या पाण्यातल्या फोडीत सुरी आपोआप उतरते. चिंचेतल्या फोडीत मधे कडक गाठ लागते.

आपल्याकडच्या खतखत्यातही हेच चालतं. माझ्या सासूबाई खतखतं करताना कंद आणि शेंगा आधी शिजवतात, सोलं, म्हणजे आमसुलं, मात्र भाज्या शिजत आल्यावरच टाकतात. मी वर्षानुवर्षं ते पाहत होते, पण सांबाराशी त्याचा संबंध आहे हे लक्षात आलं नव्हतं.

२. काय काय लागेल

- तूरडाळ १५० ग्रॅम (पाऊण वाटीच्या आसपास)
- चिंच ३० ग्रॅम, म्हणजे लहान लिंबाएवढा गोळा, आणि ती भिजवायला दीड वाटी गरम पाणी
- शेवग्याच्या दोन शेंगा
- एक लहान मुळा
- लाल भोपळा २०० ग्रॅम, सालीसकट
- लहान वांगी तीन
- भेंडी आठ
- सांबाराचे छोटे कांदे दहा-बारा
- टोमॅटो एक
- सांबार मसाला दोन मोठे चमचे, हळद, मीठ, गुळाचा सुपारीएवढा खडा
- फोडणीला तेल, मोहरी, मेथीदाणे, हिंग, सुक्या मिरच्या, कढीपत्ता
- रुंद बुडाचं जाड पातेलं, झाकण, झारा, लाकडी उलथनं आणि टोकदार लहान सुरी

पातेलं रुंद हवं. उभ्या, अरुंद टोपात भाज्या एकावर एक बसतात, खालच्या शिजतात, वरच्या कच्च्या राहतात, मग आपण ढवळतो आणि ढवळण्यातच अर्ध्या फोडी मोडतात. कुकर फक्त डाळीसाठी. भाज्या कुकरला लावल्या की प्रत्येक भाजी वेगळ्या वेळी काढण्याची सोयच राहत नाही.

३. बाजारात घ्यायची काळजी

महाराष्ट्रातून नव्याने आलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इथल्या बाजारात 'दुदी' म्हणजे लाल भोपळा. आपला दुधी भोपळा हवा असेल तर 'कोंकण दुदी' म्हणावं लागतं. मी पहिल्या वेळी दुधी मागितला आणि हातात लाल भोपळ्याची चकती आली. सांबाराला दोन्ही चालतात, पण शिजायची तऱ्हा वेगळी आहे, म्हणून बोट दाखवून घ्या.

भोपळा घेताना गर घट्ट आणि गडद केशरी असलेला घ्या. मधला भाग तंतूतंतू सुटलेला असेल तर तो कुठल्याही क्रमाने घातला तरी विरघळणारच.

वांगी लहान आणि घट्ट हवीत. आगशीची वांगी कापांसाठी उत्तमच, पण ती मोठी आणि मऊ गराची असतात, उकळत्या रसात लगेच पसरतात. घरात तीच असतील तर मोठ्या फोडी करून थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी परतून घ्या आणि शेवटी, भेंडीबरोबर घाला.

पावसाळ्यात आपल्याकडे सात शिरांची लांब भेंडी येते. ती मिळाली तर सांबाराला तीच घ्या. तुकडे मोठे ठेवता येतात आणि ते छान टिकतात. इतर दिवसांत फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर बेळगावहून येणारी नेहमीची भेंडी चालते, फक्त कोवळी बघून घ्या.

चिंच घरच्या साठवणीतली असेल तर ती बहुतेक मीठ लावून ठेवलेली असते. तिचं पाणी घालण्याआधी चाखा आणि सांबारातलं मीठ त्या हिशेबाने कमी करा. मी एकदा न चाखता घातली. आंबट पुरेसं झालं नव्हतं, पण खारट इतकं झालं की वरून आणखी चिंच घालायचीही सोय राहिली नाही.

४. चिरणं

क्रम बरोबर असूनही भाजी मोडत असेल तर आधी फोडींचा आकार बघा. एकाच भाजीच्या फोडी सारख्या हव्यात, आणि जी भाजी लवकर शिजते तिच्या फोडी मोठ्या.

शेवग्याचे तुकडे बोटाएवढे लांब करा. वरची दोरी काढायची, पण साल पूर्ण सोलायची नाही, कारण शेंगेला धरून ठेवते ती साल. मुळ्याच्या अर्ध्या पेराएवढ्या जाड चकत्या. भोपळा सालीसकट, दोन पेरांएवढ्या मोठ्या फोडी. साल काढलेल्या भोपळ्याच्या कडा आधी झिजतात, सालीसकटच्या फोडी उकळीत एकमेकींवर आपटल्या तरी शाबूत राहतात. वांग्याचे देठाकडून चार भाग करून मिठाच्या पाण्यात टाका, म्हणजे काळी पडत नाहीत. भेंडी धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी झाल्यावरच चिरा, निदान दोन पेरांएवढे तुकडे. कांदे अख्खे ठेवा, फक्त मुळाकडचा भाग पूर्ण कापू नका. तोच पाकळ्या एकत्र धरतो.

५. डाळ आणि चिंच वेगवेगळी तयार ठेवा

डाळ धुऊन वीस मिनिटं भिजवा. तिप्पट पाणी, चिमूटभर हळद आणि थेंबभर तेल घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या. गार झाल्यावर घोटून एकजीव करा. डाळीत चिंच, टोमॅटो काहीही आंबट घालू नका. भाजीला लागू आहे तेच डाळीलाही लागू आहे, आंबटात डाळ फुटत नाही.

डाळ लवकर शिजावी म्हणून कुणी कुणी चिमूटभर खायचा सोडा घालतात. सांबाराच्या डाळीत तो मुळीच घालू नका. सोडा चिंचेच्या बरोबर उलटं काम करतो, पेक्टिन झपाट्याने सोडवतो. ती डाळ पातेल्यात गेली की चिंचेचा काही भाग मारला जातो, चव सपक होते आणि इतका वेळ टिकलेला भोपळा शेवटच्या पाच मिनिटांत बसतो.

चिंच गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून, कुस्करून, गाळून घ्या. चोथा पिळून टाकून द्या. बाटलीतली तयार चिंचेची पेस्ट वापरत असाल तर ती फार तीव्र असते. एक लहान चमचा दीड वाटी पाण्यात कालवून चाखा, लागली तर वाढवा. घालायची वेळ मात्र तीच.

६. पहिली फेरी: कडक भाज्या, साधं पाणी

इथून पुढे घड्याळ समोर ठेवा. मी आठ वाजता पातेलं ठेवते असं धरून सांगते.

आठ वाजता दोन चमचे तेलात अख्खे कांदे टाका आणि तीन मिनिटं, कडा जरा लालसर होईपर्यंत परता. त्यावर शेवगा आणि मुळा, हळद, अर्धं मीठ आणि तीन वाट्या गरम पाणी. उकळी आली की आच मध्यम करा. पाण्यावर बुडबुडे यावेत, पण भाज्या उड्या मारू नयेत. झाकण ठेवा. उकळीपासून आठ मिनिटं.

बटाटा किंवा गाजर घालत असाल तर त्यांची जागा हीच. बटाटा चिंचेनंतर घातला तर तो शिजेल याची मी खात्री देणार नाही. टोमॅटो मात्र या फेरीत नको. तोही आंबट असतो, आणि 'टोमॅटो म्हणजे भाजीच' असं समजून पहिल्या फेरीत घातला की चिंच लवकर घातल्यासारखाच परिणाम होतो, जरा सौम्यपणे.

आठ मिनिटांनी, म्हणजे साधारण सव्वाआठला, झाकण काढून तपासा. मुळ्यात सुरीचं टोक घाला. ते आत जायला हवं, पण मधे किंचित अडखळायला हवं. शेंगेचा तुकडा झाऱ्यावर घेऊन कडेला अंगठ्याने दाबा. आतला गर दबला पाहिजे, पण शेंगेची शिवण उघडता कामा नये. शिवण उघडली असेल तर उशीर झालाय, लगेच पुढच्या पायरीला लागा.

हा अडखळा फार महत्त्वाचा आहे. कडक भाजी चिंचेत थोडीच पुढे सरकते, म्हणून ती जवळजवळ शिजलेली हवी. पण पूर्ण शिजवून घेतली तर पुढच्या पंधरा मिनिटांच्या उकळीत तिला काही राखीव उरत नाही. रुपयात नव्वद पैसे शिजली की थांबायचं.

७. दुसरी फेरी: मऊ भाज्या, फक्त तीन मिनिटं

भोपळा आणि वांगी आता घाला. वांगी आधी पाण्यातून काढून निथळून घ्या. झाकण ठेवून तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही.

तीनच का, असं मला बरेच जण विचारतात, कारण तीन मिनिटांत भोपळा शिजत नाही. बरोबर, शिजवायचाच नाही. वरचा थर मऊ पडायला लागला, आतला गाभा अजून कडक आहे, अशा अवस्थेत त्याला चिंच भेटली पाहिजे. उरलेला वेळ तो आंबट पाण्यात हळूहळू शिजतो आणि कडा धारदार राहतात. साध्या पाण्यातच भोपळा सात-आठ मिनिटांत होतो आणि त्यानंतर दोन मिनिटंही थांबत नाही. चिंचेत तो दहा मिनिटं राहिला तरी बिघडत नाही.

दुधी किंवा कोहळा असेल तर तीनऐवजी पाच मिनिटं द्या.

८. तिसरी फेरी: चिंच

आठ वाजून अठरा मिनिटांच्या सुमारास चिंचेचं पाणी, सांबार मसाला, टोमॅटोच्या फोडी आणि गूळ घाला. चिंचेचं पाणी गार असेल तर आधी कोमट करा. थंड पाण्याने उकळी मोडते, ती परत यायला चार-पाच मिनिटं जातात आणि तेवढा वेळ भाज्या गरम पाण्यात नुसत्याच बसून राहतात.

परत उकळी आली की आठ ते दहा मिनिटं मंद-मध्यम आचेवर, झाकण अर्धवट. हा वेळ भाजीसाठी कमी आणि चिंचेसाठी जास्त आहे. चिंच कच्ची राहिली तर सांबाराला उग्र, तोंड आवळणारा वास येतो. सुरुवातीला पातेल्यावर नाक नेलं तर तो वास सरळ जाणवतो. आठव्या मिनिटाच्या सुमारास तो मागे पडून मसाल्याचा वास पुढे येतो आणि वर तेलाचा पातळ तवंग दिसायला लागतो. त्या खुणेवर थांबा, घड्याळावर नाही.

या वेळात ढवळायचं नाही. पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवा, किंवा उलथनं कडेने खाली सारून एकदा वर उचला. गोल गोल डाव फिरवण्याची सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

९. भेंडी: वेगळी परतून, शेवटी

भाज्या चिंचेत उकळत असताना दुसऱ्या शेगडीवर चमचाभर तेलात भेंडी परता. झाकण ठेवू नका, मीठ घालू नका. पाचेक मिनिटांत तार सुटणं थांबतं आणि कडांना तपकिरी डाग पडतात. चिंचेची शेवटची चार मिनिटं उरली की भेंडी सांबारात सोडा. परतल्याने तार गेलेली असते, उरलीसुरली तार चिंच आवरते.

कच्ची भेंडी पहिल्या फेरीत घातली तर सगळं सांबार बुळबुळीत होतं आणि त्यावर नंतर काही उपाय चालत नाही.

१०. डाळ, आणि मग आच बंद

साडेआठला घोटलेली डाळ घाला. डाळ गरम असावी आणि पळीने सोडण्याइतपत सैल असावी. गोळा झालेली डाळ ओतली की ती मोडायला डाव फिरवावाच लागतो, आणि इथपर्यंत सांभाळलेल्या फोडी तिथे जातात. घट्ट झाली असेल तर बाहेरच गरम पाण्याने सैल करा.

उरलेलं मीठ चाखून घाला. मंद आचेवर चार मिनिटं, कडेने बुडबुडे येईपर्यंत. डाळ पडल्यावर सांबार तळाला लागायला वेळ लागत नाही, म्हणून इथे जोराची उकळी नको.

नारळाचं वाटप घालून उडुपी पद्धतीचं करणार असाल तर वाटप डाळीबरोबरच जातं, चिंच शिजल्यानंतर. त्याला एक उकळी पुरते.

वरून फोडणी द्या आणि झाकून पंधरा मिनिटं ठेवा. सुरीला लागलेला तो शेवटचा अडखळा या पंधरा मिनिटांत आपोआप जातो. लगेच वाढलं तर मुळा जरासा कडक लागू शकतो, म्हणून पुढच्या वेळी जास्त शिजवायला जाऊ नका, थांबा.

११. चुकलंच तर

चिंच आधी पडली आणि भाजी कडक राहिली, तर त्याच पातेल्यात उकळत बसण्यात अर्थ नाही. रस आटत जातो, आंबटपणा वाढतो आणि भाजी आणखी हट्टी होते. झाऱ्याने कडक फोडी काढा, साध्या गरम पाण्यात वेगळ्या उकळा, सुरी उतरली की परत आणा. माझ्या मुळ्याचं मी शेवटी असंच केलं आणि सात मिनिटांत तो शिजला.

उलट भाजी जास्त शिजून मोडायला आली असेल तर लगेच चिंचेचं पाणी घाला. मोडलेलं जुळत नाही, पण जे शिल्लक आहे ते तिथे थांबतं. पूर्ण विरघळलेला भोपळा डाळीतच घोटून टाका, रसाला छान दाटपणा येतो, आणि दोन शेंगा वेगळ्या शिजवून वरून घाला.

चिंच घरात नाही म्हणून सोलं वापरायची असतील तर क्रमाचा नियम तोच, कारण तीही आंबटच. सोलांना चिंचेसारखी दहा मिनिटांची उकळी लागत नाही, म्हणून मऊ भाज्यांना दुसऱ्या फेरीत तीनऐवजी सहा मिनिटं द्या आणि सोलं डाळीच्या जरा आधी टाका. चव वेगळी येईल, रंगही काळपट लाल होईल.

१२. जास्त माणसांचं करताना

गेल्या वर्षी घरच्या कार्याला चाळीस माणसांचं सांबार केलं तेव्हा एक गोष्ट नव्याने कळली. मोठं पातेलं आच बंद केल्यावरही बराच वेळ जवळजवळ उकळत्याइतकं गरम राहतं, आणि भाजी त्या उष्णतेत शिजत राहते. सहा माणसांच्या हिशेबाने केलेला भोपळा वाढेपर्यंत मऊ पडला होता. आता मोठ्या पातेल्यात मी मुळा आणि शेंगा सुरी स्पष्ट अडेल अशा अवस्थेत असतानाच दुसऱ्या फेरीला लागते आणि भोपळा, वांगी चिंचेच्या पाण्याबरोबरच सोडते, साध्या पाण्यातली तीन मिनिटं वगळून. चिंचेचं प्रमाणही सरळ पटीत वाढवत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानाने कमी आटतं, पण सांबार तासभर मुरतं तेव्हा आंबटपणा पुढे येतो. हिशेबाच्या तीन चतुर्थांश चिंच घालून चाखायची, मग ठरवायचं.

सकाळचं सांबार रात्री तापवायचं असेल तर शेंगा आणि भोपळ्याच्या फोडी झाऱ्याने ताटलीत काढून ठेवा, रस एकटा उकळा आणि फोडी वाढायच्या आधी दोन मिनिटं त्यात सोडा.